शंभर टनांची क्रेन आणि एकवीस टनांची तुळई

ओढ्यावर किंवा रस्त्यावर लहान पूल बांधायचा असला की हल्ली अनेक ठिकाणी तुळया जागेवर ओतत नाहीत. त्या यार्डात तयार होतात, ट्रेलरवरून येतात आणि क्रेनने उचलून खांबांवर बसवल्या जातात. बघणाऱ्याला वाटतं, काम क्रेनचं आहे. मोठी क्रेन आणली की झालं. खरं काम मात्र त्याआधी कागदावर झालेलं असतं. साइटवर त्याला लिफ्टिंग प्लॅन म्हणतात. क्रेन कुठे उभी राहील, तुळई कुठून उचलेल, कुठे ठेवेल, त्या वेळी जमिनीवर किती भार येईल आणि इशारा कोण देईल, हे सगळं त्यात ठरतं. हा प्लॅन कसा तयार होतो, ते एका उदाहरणावरून पाहू.

ओढ्यावर 15 मीटर गाळ्याचा पूल आहे आणि त्याला तीन तुळया आहेत. सुरुवात वजनापासून करायची. तुळईच्या छेदाचं क्षेत्रफळ 0.5 चौरस मीटर आणि लांबी 15 मीटर, म्हणजे काँक्रीट साडेसात घनमीटर. सळई धरून काँक्रीट घनमीटरला साधारण अडीच टन भरतं. म्हणून तुळईचं वजन 18.75 टन. साचा थोडा फुगला, वरचा थर जाड झाला, तर वजन वाढतं; त्यासाठी पाच टक्के धरले की 19.7 टन होतात. इथे थांबणं ही नेहमीची चूक. क्रेन फक्त तुळई उचलत नाही. तुळईच्या वर आडवा धरलेला लोखंडी स्प्रेडर, स्लिंग आणि शॅकल यांचे 1.2 टन आणि खुद्द हूक ब्लॉकचा 0.6 टन मिळवला की एकूण भार 21.5 टन येतो. पुढचा सगळा हिशोब याच आकड्यावर चालतो.

स्प्रेडरचं वजन पत्करायचं ते स्लिंगच्या कोनामुळे. तुळईच्या दोन टोकांना अडकवलेल्या स्लिंग एकाच हुकाला थेट नेल्या तर त्या तिरक्या होतात. आडव्या रेषेशी 60 अंशांचा कोन असेल तर 20 टनांच्या तुळईसाठी प्रत्येक स्लिंगवर साडेअकरा टन ताण येतो. कोन 30 अंशांवर उतरला तर तोच ताण 20 टन होतो, शिवाय तुळई दोन्ही टोकांकडून आत दाबली जाते. स्प्रेडर लावला की स्लिंग उभ्या राहतात आणि तुळईला तडे जाण्याचा धोका टळतो. डिझायनरने तुळईत जे लूप ठेवले आहेत, तेच वापरायचे. सोयीची म्हणून मधली जागा धरली तर प्रीस्ट्रेस्ड तुळईचा वरचा भाग ताणाखाली येऊन फाटू शकतो.

आता क्रेन. भाड्याने आणलेल्या क्रेनवर मोठ्या अक्षरात 100 टन लिहिलेलं असतं. हा आकडा जेमतेम तीन मीटर त्रिज्येचा असतो. त्रिज्या मोजायची ती क्रेन ज्या मध्यावर फिरते तिथपासून हुकाच्या सरळ खाली जमिनीवर येणाऱ्या बिंदूपर्यंत. चाकापासून नव्हे, पायापासूनही नव्हे. पाण्याने भरलेली घागर कमरेवर सहज पेलते, तीच हात लांब करून धरली की माणूस पुढे झुकतो. क्रेनचंही तसंच होतं. त्रिज्या वाढली की क्षमता झपाट्याने घटते. किती घटते ते लोड चार्ट सांगतो, आणि प्रत्येक क्रेनचा, प्रत्येक बूम लांबीचा, प्रत्येक काउंटरवेटचा चार्ट वेगळा असतो. आपल्या उदाहरणातला चार्ट 10 मीटरला 28 टन, 11 मीटरला 25 टन, 12 मीटरला 22 टन आणि 14 मीटरला 16 टन दाखवतो, असं धरू.

पहिला विचार सहसा असा असतो की क्रेन रस्त्याच्या भरावावर, पुलाच्या टोकाच्या भिंतीमागे उभी करावी. रस्ता तयार आहे, ट्रेलरही तिथेच येतो. पण मोजून पाहा. तुळईचा मध्य भिंतीपासून साडेसात मीटरवर आहे. पुढचे आउटरिगर भिंतीच्या कडेपासून किमान तीन मीटर मागे हवेत, कारण मागचा भराव नवा आहे आणि आउटरिगरचा भार भिंतीला बाहेर ढकलतो. आउटरिगरपासून क्रेनचा मध्य आणखी साडेतीन मीटर मागे. बेरीज 14 मीटर. चार्ट म्हणतो 16 टन, भार आहे 21.5 टन. शंभर टनी क्रेन इथे निरुपयोगी ठरते.

दुसरा पर्याय म्हणजे उन्हाळ्यात ओढा कोरडा असताना क्रेन पात्रातच, पुलाच्या बाजूला उभी करायची. तीन तुळयांपैकी सर्वांत लांबची तुळई तिथून 10 मीटरवर येते. 28 टनांच्या क्षमतेसमोर 21.5 टन म्हणजे 77 टक्के. आपल्या साइटवर चार्टच्या 80 टक्क्यांपेक्षा जास्त भार उचलायचा नाही असं ठरलेलं आहे, म्हणून हे बसतं. पण त्यातही एक बारकावा आहे. भार उचलला जाताना बूम वाकतं आणि हूक बाहेर सरकतं. चार्टमधली त्रिज्या भार लटकत असतानाची असते. म्हणून रिकाम्या हुकाची त्रिज्या साडेनऊ मीटर ठेवायची, म्हणजे भार आल्यावर ती 10 मीटरच्या आत राहील. ट्रेलरही याच मर्यादेत लागला पाहिजे. ठेवण्याची जागा 10 मीटरवर आणि उचलण्याची 12 मीटरवर असेल, तर क्रेन पहिल्याच क्षणी क्षमतेच्या टोकाला जाते. लांबची तुळई आधी बसवायची, म्हणजे नंतरच्या तुळया बसवलेल्या तुळयांवरून न्याव्या लागत नाहीत.

त्रिज्या अशी कमी केली, पण तिची किंमत जमिनीत मोजावी लागते. पात्रात काळी माती आहे आणि इथेच प्लॅनची खरी कसोटी लागते. क्रेनचं स्वतःचं वजन, काउंटरवेट आणि भार मिळून 91 टनांच्या आसपास जातात. हे वजन चार पायांवर सारखं वाटलं जात नाही. बूम ज्या कोपऱ्याकडे वळतं त्या पायावर सर्वांत जास्त भार येतो. आपल्या उदाहरणात तो 55 टन धरू. प्रत्यक्षात हा आकडा क्रेन कंपनीच्या तक्त्यातून किंवा सॉफ्टवेअरमधून घ्यायचा असतो. पायाखालची लोखंडी थाळी 60 सेंटिमीटर चौरस. 55 टन तेवढ्यावर टेकले तर चौरस मीटरला 153 टन दाब होतो. नीट रोलर फिरवलेला मुरूम 15 टन झेलतो असं चाचणीत आलं असेल, तर त्याच्या दहापट.

म्हणून पायाखाली मॅट घालतात. 2 मीटर बाय 2 मीटरची, एक टन वजनाची मॅट घातली की 56 टन चार चौरस मीटरवर पसरतात आणि दाब 14 टनांवर येतो. पण मॅट ताठ हवी. पातळ प्लेट मधोमध वाकते, कडा वर उचलल्या जातात आणि सगळा भार पुन्हा मधल्या तुकड्यावरच येतो. शिवाय मॅट मुरुमावर आहे, मुरूम कशावर आहे हा प्रश्न उरतोच. 60 सेंटिमीटर मुरुमातून भार थोडा आणखी पसरतो, तरी खालच्या मातीवर चौरस मीटरला आठ टनांहून अधिक दाब पोहोचतो. कोरडी काळी माती दगडासारखी वाटते. वळवाचा एक पाऊस पडला की तिची ताकद निघून जाते. म्हणून क्रेनच्या जागेवरची काळी माती खालच्या टणक मुरुमापर्यंत काढून टाकायची, मग 20 ते 30 सेंटिमीटरच्या थरांत मुरूम भरून प्रत्येक थर रोलरने दाबायचा आणि प्लेट लोड टेस्ट घ्यायची. जुनी पाइपलाइन, बुजवलेला चर किंवा पायाचा खड्डा कुठे होता, हे गावातल्या जुन्या माणसांनाही विचारावं.

पाय किंचित खचला तर काय बिघडतं? पाय सात मीटर अंतरावर असताना एक पाय 12 सेंटिमीटर खाली गेला, तर क्रेन एक अंश कलते. 20 मीटर उंचीवरचं बूमचं टोक 35 सेंटिमीटर सरकतं, त्रिज्या वाढते, त्याच पायावर भार आणखी वाढतो आणि तो आणखी खचतो. एकदा हे चक्र सुरू झालं की ऑपरेटरच्या हातात फार थोडा वेळ उरतो. नेदरलँड्समधल्या आल्फेन आन डेन राइन इथे 3 ऑगस्ट 2015 रोजी पुलाचा भाग उचलताना बार्जवर उभ्या असलेल्या दोन क्रेन नदीकाठच्या घरांवर कोसळल्या. बार्ज आणि क्रेन मिळून बनलेली रचनाच पुरेशी स्थिर नव्हती, असं तिथल्या सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळलं. क्रेनखालचा आधार म्हणजे क्रेनचाच भाग, हे त्या घटनेने दाखवून दिलं.

म्हणून उचलण्याच्या दिवशी आधी चाचणी घ्यायची. तुळई ट्रेलरवरून फक्त 10 ते 15 सेंटिमीटर वर घ्यायची आणि काही मिनिटं तशीच धरायची. चारही मॅटची पातळी तपासायची. केबिनमधलं यंत्र भार दाखवतं, तो 21.5 टनांशी पडताळायचा. यंत्राने 23 टन दाखवले तर तुळई खाली ठेवून कारण शोधायचं. ‘चालतंय’ म्हणून पुढे जायचं नाही. विरुद्ध कोपऱ्यातला पाय हलका होऊन मॅटवरून सुटतोय असं दिसलं, तर लगेच थांबायचं. वाऱ्याची मर्यादा चार्टवर लिहिलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वावटळ उठते, त्यामुळे हे काम सकाळीच उरकणं चांगलं.

उरले इशारे. ऑपरेटर एकाच सिग्नलमनचं ऐकतो. उजवा हात वर, तर्जनी आभाळाकडे आणि हाताचे छोटे फेरे, म्हणजे भार वर. हात खाली, तर्जनी जमिनीकडे आणि फेरे, म्हणजे भार खाली. हात आडवा, मूठ मिटलेली आणि अंगठा खाली, म्हणजे बूम खाली. शेवटच्या दोन खुणा वरवर सारख्या वाटतात, पण परिणामात मोठा फरक आहे. हूक खाली आलं तर त्रिज्या बदलत नाही. बूम खाली आलं तर त्रिज्या वाढते आणि क्षमता घटते. म्हणून सिग्नलमन आणि ऑपरेटर यांनी रिकाम्या हुकाने सगळ्या खुणा आधी करून पाहायच्या.

तुळई खांबावर गेली की पलीकडचं बेअरिंग ऑपरेटरला दिसत नाही. तिथे दुसरा माणूस उभा राहतो, पण तो वॉकीटॉकीवर सिग्नलमनशी बोलतो, ऑपरेटरशी नाही. शेवटचा वीतभर उतार सतत बोलत करायचा: ‘हळू, हळू, हळू.’ आवाज थांबला की क्रेन थांबते. ‘थांब’ ही एकच खूण मात्र साइटवरचा कोणीही देऊ शकतो, आणि ऑपरेटरने ती मानलीच पाहिजे. तुळई बेअरिंगवर बसली तरी हूक लगेच सोडायचं नाही. अरुंद, उंच तुळई आडवी होऊ शकते. तिला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन बांधल्यावरच स्लिंग सैल करायची.

पूल आपल्या गावाचा असेल तर उचलण्याच्या दिवशी बघ्यांची गर्दी जमतेच. मुलांना घेऊन जायचं असेल तर क्रेनचं बूम जेवढं लांब, त्याहून जास्त अंतरावर उभे राहा. आणि कामावरच्या इंजिनिअरला एवढं जरूर विचारा: एकूण भार किती, त्रिज्या किती, पायाखालची जमीन तपासली का, आणि इशारा कोण देणार? चारही उत्तरं कागदावर नसतील, तर त्या दिवशी तुळई उचलू नये.