सहाशे शुभेच्छा आणि एक उत्तर

सत्यनारायणाची पूजा झाली, पाहुणे पांगले, उरलेल्या लाडवांचे डबे घरोघरी पोचले. चौथ्या संध्याकाळी नवरा-नवरी पहिल्यांदाच निवांत फोन घेऊन बसतात. तिच्या हातावरची मेंदी अजून गडद आहे. दोघांचे मिळून सहाशेच्या वर निरोप आलेले आहेत: व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर, खासगीत, फेसबुकवर फोटोंच्या खाली. थोरामोठ्यांना उत्तर दिलं नाही तर बरं दिसत नाही, हे दोघांनाही माहीत आहे. मग कुणीतरी सुचवतं, एक छानसा मजकूर करा आणि सगळ्यांना पाठवून द्या.

तो छानसा मजकूर बहुतेक वेळा असा असतो: ‘आमच्या विवाहानिमित्त आपण सर्वांनी दिलेल्या भरभरून शुभेच्छांबद्दल मनःपूर्वक आभार. आपले प्रेम व आशीर्वाद असेच कायम राहोत.’ यात चूक काहीच नाही. पण ‘विवाह’ काढून तिथे ‘वाढदिवस’ घातला, ‘गृहप्रवेश’ घातला, ‘सेवानिवृत्ती’ घातली, तरी मजकूर तसाच चालतो. वाचणाऱ्याला खटकतं ते इथे. एकच मजकूर शंभर जणांना गेला म्हणून कुणाला वाईट वाटत नाही. लग्नाच्या गडबडीत प्रत्येकाला वेगळं पत्र येईल अशी अपेक्षा कुणी ठेवत नाही. वाईट वाटतं ते आपण लिहिलेलं कुणी वाचलंच नाही असं दिसतं तेव्हा.

तयार शब्द वापरण्यात कमीपणा नाही, हेही सांगायला हवं. तारेच्या काळात शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना क्रमांक दिलेले असत. फॉर्मवर तो क्रमांक लिहिला की पलीकडच्या पोस्ट ऑफिसात पूर्ण वाक्य उतरवलं जाई. जुलै 2013मध्ये तारसेवा बंद होईपर्यंत कितीतरी नवविवाहितांना आशीर्वाद असे आकड्यांतून मिळाले, आणि घरोघरी त्या तारा जपून ठेवल्या गेल्या. आजचं ‘नांदा सौख्यभरे’ त्याच जातीचं आहे. शुभेच्छा ठरावीक शब्दांत येऊ शकते. उत्तराला मात्र काय काय आलं ते पाहून लिहायची संधी असते.

म्हणून पहिलं काम लिहिण्याचं नव्हे, वाचण्याचं. उदाहरणासाठी साताऱ्यातलं मे महिन्यातलं एक लग्न डोळ्यांसमोर आणू. मुहूर्त संध्याकाळचा, जेवणं लॉनवर, आणि ऐन पंगतीत वळवाचा पाऊस. आलेले निरोप समजा 640. दोघांनी दोन संध्याकाळी ते वरपासून खालपर्यंत वाचले, जवळ एक वही ठेवली. आहेर लिहायला मांडवात एखादे काका वही घेऊन बसतात ना, तशीच. वाचता वाचता निरोपांचे तीन ढीग आपोआप पडतात. सुमारे 430 निरोप हात जोडल्याच्या चिन्हाचे, फुलांचे आणि ‘नांदा सौख्यभरे’चे. 160 निरोपांत माणसाचं स्वतःचं एखादं वाक्य आहे. आणि 50 निरोप असे, की ज्यांना वेगळं उत्तर द्यायलाच हवं: कुणी काही विचारलंय, कुणी सुतक असल्याने येता आलं नाही म्हणून लिहिलंय, शाळेतल्या बाईंनी वीस वर्षांनी नंबर शोधून निरोप धाडलाय. या पन्नासांवर वाचतानाच तारा उमटवून ठेवला, की नंतर व्हॉट्सअॅपच्या ‘स्टार’ केलेल्या यादीत ते एकत्र सापडतात. माणशी दोन मिनिटं धरली तरी शंभर मिनिटंच होतात. रोज दहा जणांना लिहिलं तर पाच दिवसांत काम होतं.

सामूहिक उत्तराचा खरा माल मधल्या ढिगात असतो, त्या 160 निरोपांत. वहीत नावं लिहू नयेत, गोष्टी लिहाव्यात. साताऱ्याच्या या लग्नात वहीत आलेल्या नोंदी अशा असू शकतात: पाऊस म्हणजे वरून पडलेल्या अक्षता, असं सतरा जणांनी लिहिलं. एका काकूंनी भिजलेल्या पैठणीचा फोटो पाठवला आणि दुसऱ्या दिवशी ती वाळल्याचंही कळवलं. परदेशातल्या तिघांनी पहाटे उठून व्हिडिओ कॉलवर मंगलाष्टकं ऐकली. बऱ्याच फोटोंत पाहुणेच खुर्च्या उचलून आत नेताना दिसतात.

गोष्टी लिहायच्या, नावं नाहीत, यामागे कारण आहे. ऐंशी जणांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर पाच जणांची नावं घेऊन आभार मानले तर उरलेले पंचाहत्तर आपलं नाव शोधतात, आणि सापडलं नाही की त्याची आठवण पुढच्या लग्नापर्यंत राहते. पैठणीचा उल्लेख केला तर त्या काकूंना कळतं की हे आपलंच. बाकीच्यांना एक गमतीची गोष्ट वाचायला मिळते. कुणाचाही मान कमी-जास्त होत नाही.

मग ग्रुपसाठीचा मजकूर असा होतो:

‘लग्नाच्या संध्याकाळी पंगतीत पाऊस आला आणि त्याच रात्रीपासून तुमचे निरोप येऊ लागले. दोन दिवस बसून सगळे वाचले. वरून अक्षता पडल्या, असं सतरा जणांनी लिहिलंय, तेव्हा आता आम्हीही तेच मानतो. भिजलेली पैठणी वाळल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. पहाटे उठून लांबून मंगलाष्टकं ऐकणारे आम्हाला पडद्यावर दिसत होते. पाऊस आला तेव्हा आम्ही स्टेजवर होतो. खुर्च्या कुणी उचलल्या, म्हाताऱ्या माणसांना आत कुणी नेलं, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोंतूनच कळलं. मनापासून आभार. ज्यांनी काही विचारलंय त्यांना या आठवड्यात वेगळं लिहितो आहोत.’

यातलं सर्वांत मोलाचं वाक्य खुर्च्यांचं आहे. शुभेच्छांमधून नवरा-नवरीला काहीतरी नवं कळलं, हे ते सांगतं. वाढदिवसाला हा मजकूर वापरता येणार नाही; दुसऱ्या कुणाच्या लग्नालाही नाही. शेवटचं वाक्यही नुसतं सौजन्याचं नाही. ते लिहिलं की ते पन्नास निरोप पुढे ढकलता येत नाहीत.

आता प्रश्न खासगीत लिहिणाऱ्यांचा. त्यांच्यासाठी व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी सोयीची वाटते. एका यादीत 256 जणांपर्यंत नावं घालता येतात आणि निरोप प्रत्येकाला त्याच्या खासगी चॅटमध्ये मिळतो. मात्र ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला आहे त्यालाच तो पोचतो. पत्रिकेवरून नंबर घेऊन थेट शुभेच्छा धाडणाऱ्या वडिलांच्या जुन्या मित्राकडे तो साठवलेला नसेल, तर त्यांच्यापर्यंत आभार जातच नाहीत. पाठवलेल्या निरोपाची माहिती उघडून कुणाला पोचला ते पाहावं आणि राहिलेल्यांना हातानं पाठवावा.

पण मराठीत ब्रॉडकास्ट निरोपाची खरी अडचण व्याकरणाची आहे. ग्रुपवर ‘तुम्ही सर्वांनी’ शोभून दिसतं, कारण तिथे सगळे समोर असतात. तेच शब्द खासगी चॅटमध्ये आले की बालमैत्रीण लगेच ओळखते, कारण ती मुलगी तिला जन्मात ‘तुम्ही’ म्हणालेली नाही. ‘तू’ लिहावं तर तेच सासऱ्यांच्या थोरल्या भावाला जातं. ‘आपण’ लिहिलं की मजकूर सहकारी बँकेच्या पत्रासारखा होतो. यावर उपाय मराठीतच आहे. वाक्यं अशी रचायची, की समोरच्या माणसाला हाक मारण्याची वेळच येत नाही. कर्ता निरोप असावा, पाऊस असावा, घर असावं.

‘लग्नाच्या दिवशी आलेला निरोप काल निवांत वाचला. त्या संध्याकाळी पाऊस इतका होता, की फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले होते. म्हणून उत्तराला उशीर झाला. आठवणीनं आलेले हे शब्द वाचून दोघांनाही फार बरं वाटलं. आता घर लावणं चालू आहे. चहाची भांडी सर्वांत आधी निघाली आहेत, तेव्हा घरी भेट व्हावी.’

यात ‘तू’ नाही, ‘तुम्ही’ नाही, ‘सर्वांनी’ तर नाहीच. मैत्रिणीला तो परका वाटत नाही आणि मामंजींना उद्धट वाटत नाही. शिवाय यातली प्रत्येक गोष्ट ज्याला ज्याला निरोप जाईल त्याच्याबाबतीत खरी आहे. मजकुरात पैठणीचा उल्लेख घातला असता, तर लग्नाला न आलेल्या माणसाला तो चुकून आपल्याकडे आल्यासारखा वाटला असता.

आणखी एक चूक फार घरांत होते. मजकूर नवरी लिहिते, नवऱ्याला पाठवते आणि तो तसाच पुढे ढकलतो. व्हॉट्सअॅपनं 2018पासून पुढे ढकललेल्या निरोपांवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली, ती खूण आभारांच्या डोक्यावर बसते. मग आतला मजकूर कितीही मनापासून लिहिलेला असो, माणूस तो वरवर चाळून सोडतो. नवऱ्यानं तो आपल्या शब्दांत पुन्हा लिहावा, निदान पहिली दोन वाक्यं तरी. त्याच्या कॉलेजच्या मित्रांनी लिहिलेलं वेगळं असणार आणि त्याची वहीही वेगळी निघणार. आईवडिलांच्या ग्रुपवर तर मुलांनी उत्तर देऊच नये. बाबांच्या ऑफिसातल्या मंडळींनी शुभेच्छा बाबांना दिल्या आहेत. तिथे ‘माझ्या लेकीच्या लग्नात’ असं बाबांनीच लिहिलं पाहिजे, त्यात शुद्धलेखनाची एखादी चूक राहिली तरी चालेल.

फेसबुकवर गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे फोटोखालच्या तीनशे अभिनंदनांना एकेक ‘धन्यवाद’ दिला, की ते एकाखाली एक रांगेत दिसतात आणि सारखेपणा उघडा पडतो. नुसत्या अभिनंदनाला हृदयाचं चिन्ह पुरतं. स्वतःचं वाक्य लिहिणाऱ्यालाच शब्दांत उत्तर द्यावं आणि सामूहिक आभार वेगळ्या पोस्टमध्ये लिहावेत. सोबत स्टेजवरचा ठेवणीतला फोटो नको, तो सगळ्यांनी पाहिलेला असतो. साताऱ्याच्या लग्नात ओल्या लॉनवर उलट्या करून ठेवलेल्या खुर्च्यांचा फोटो असेल, तर तो लावावा.

वेळेचंही एक गणित आहे. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आभार पाठवले तर त्यानंतरही शुभेच्छा येतच राहतात आणि त्या माणसांना उत्तर आधीच देऊन झालेलं असतं. महिना गेला तर लोक लग्न विसरलेले असतात. पाचवा ते दहावा दिवस बरा. त्यानंतर आलेल्या निरोपांना एकेकटंच उत्तर द्यावं. ते थोडेच असतात.

पन्नासांच्या यादीत एक निरोप बहुतेक प्रत्येक घरी असतो, ज्याला कोणताही सामूहिक मजकूर पुरत नाही. नवरीचे वडील हयात नाहीत आणि त्यांच्या एखाद्या मित्रानं लिहिलंय, ‘आज तो असता तर मांडवभर नाचला असता.’ अशा निरोपाला लिहून उत्तर देण्याऐवजी सरळ फोन लावावा. तो पहिल्याच संध्याकाळी, वही उघडायच्या आधी.