अण्णा इटालियनमध्ये जातात तेव्हा

साताऱ्याकडचे एक घर डोळ्यांसमोर आणू. घरातले आजोबा, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, वारले. नात इटलीत तोरिनोला असते, तिचा नवरा इटालियन आणि दोन्ही मुले तिथेच वाढलेली. तेराव्याला घरी अण्णांविषयी कुणी दोन शब्द बोलायचे ठरते. तेच मनोगत इटालियनमध्येही हवे असते, कारण पणतवंडांना मराठी ऐकून समजते ते ‘जेवलास का’ एवढेच आणि सासरच्यांना तेवढेही नाही. नात मराठीत पान-दीड पान लिहून काढते आणि भाषांतराला बसते. पहिल्याच शब्दाला गाडी अडते.

अण्णा हे रोमन लिपीत लिहिले की इटालियन माणूस ते बाईचे नाव म्हणून वाचतो. ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. पण ‘नोन्नो अण्णा’ ऐकताच श्रोत्यांना वाटते, आजोबांच्या जागी चुकून आजीचे नाव पडले. आपल्या इतर हाकांचीही हीच गत. नाना म्हटले तर इटालियनमध्ये बुटकी बाई होते, तात्यांऐवजी ताता असते तर मुले सांभाळणारी दाई झाली असती, पप्पा म्हणजे तान्ह्या बाळाची पेज आणि पापा म्हणजे थेट पोप. काका हा शब्द तर लहान मुलांच्या ‘शी’च्या इतका जवळ जातो की पणतवंडे शोकसभेतच खुदखुदतील. म्हणून मजकुरात एकदाच सांगून टाकायचे, की घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत, आमच्याकडे ही वडीलधाऱ्या पुरुषाला मारायची हाक आहे. पुढे सगळीकडे नुसते ‘नोन्नो’. पणतवंडांच्या तोंडी मात्र ‘बिस्नोन्नो’, म्हणजे पणजोबा.

नात्यांचा गुंता याहून मोठा. नातू, नात, पुतण्या, पुतणी, भाचा, भाची या सगळ्यांना इटालियनमध्ये मिळून एकच शब्द आहे, ‘निपोते’. ‘अण्णांनी भाच्याला शिकवले आणि नातीला इंजिनिअर केले’ हे वाक्य सरळ उतरवले तर दोन्हीकडे निपोतेच येते आणि ऐकणाऱ्याला दोघे भाऊबहीण वाटतात. तिथे नाते उलगडून लिहावे लागते: बहिणीचा मुलगा, मुलाची मुलगी. वाक्य लांबते, पण माणसे आपापल्या जागी राहतात. मामा, काका, आत्या, मावशी यांचेही तसेच. ‘त्सिओ’ आणि ‘त्सिया’ या दोनच शब्दांत सगळे मावतात, त्यामुळे आईकडचे की बापाकडचे हे गरज असेल तिथेच सांगायचे.

आता क्रियापदे. मराठीत ‘अण्णा निवृत्त झाले’ हे आदरार्थी अनेकवचन. इटालियनमध्ये गैरहजर माणसाबद्दल बोलताना असे अनेकवचन चालत नाही. ते शब्दशः नेले तर अण्णा एक नसून चार-पाच जण होते असे होते. तिथे एकवचनच हवे आणि त्यात अनादर काहीच नाही.

त्याहून नाजूक गोष्ट सवयीच्या भूतकाळाची. मराठी मनोगतात ‘उठायचे’, ‘जायचे’, ‘सांगायचे’ अशी रूपे वाक्यावाक्याला येतात. त्यांच्यासाठी इटालियनमध्ये ‘इम्पेर्फेत्तो’ हा काळ तयार आहे: ‘आंदावा’ म्हणजे जायचे. भाषांतर करणाऱ्याने घाईत ‘आंदो’ लिहिले, की अण्णा आयुष्यात एकदाच पहाटे उठून डेपोत गेले, असा अर्थ निघतो. जन्म, लग्न, नोकरी लागणे या एकेकदा घडलेल्या गोष्टींना वेगळा भूतकाळ, आणि तोही लेखी व बोलीत वेगळा. तोरिनोसारख्या उत्तरेकडच्या शहरात बोलताना ‘ए नातो’ म्हणजे जन्मला असे म्हणतात. ‘नाक्क्वे’ हे रूप पुस्तकी वाटते. मजकूर मोठ्याने वाचायचा असेल तर बोलीतले रूप बरे.

आणि वाचणार कोण, हेही आधी ठरवावे लागते. ‘मी लहान असताना त्यांच्याबरोबर गेले होते’ या वाक्यात मराठीत जसे स्त्रीलिंग दिसते, तसेच ते इटालियनमध्येही दिसते. नातीला ऐन वेळी रडू कोसळले आणि कागद नवऱ्याच्या हातात गेला, तर त्या प्रत्येक वाक्याचा शेवट चुकणार. अशा वेळी सुरुवातीला ‘हे तिचे शब्द, मी फक्त वाचतोय’ असे एक वाक्य घातले की बाकी मजकुराला हात लावावा लागत नाही.

खरी कसोटी लागते ती अण्णांच्या कामाशी आल्यावर. नातीच्या मराठी मसुद्यातला तुकडा असा:

‘अण्णांनी तीस वर्षे एसटीत कंडक्टरकी केली. मुक्कामी गाडी असली की रात्री गावातच झोपायचे. पहाटेच्या फेरीला शाळेची पोरे असायची. एखाद्याकडे पैसे कमी पडले तर तिकीट फाडायचे आणि राहिलेले पैसे स्वतःच्या खिशातून भरायचे.’

कंडक्टरसाठी हाताशी येणारा शब्द ‘कोन्दुत्तोरे’. पण आजच्या इटालियन कानाला तो टीव्हीवरचा निवेदक वाटतो. ‘कोन्दुचेन्ते’ घ्यावा तर तो ड्रायव्हर. बरोबर शब्द ‘बिल्येत्तायो’, तिकिटे देणारा. इटलीत ही जात आता जवळपास उरलेली नाही, पण सासऱ्यांच्या पिढीला ट्राममधला बिल्येत्तायो आठवतो. खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या गाडीला ‘कोर्रिएरा’ हा जुना शब्दही त्यांच्या ओळखीचा आहे, तो एसटीला चपखल बसतो. मुक्कामी गाडीला मात्र शब्द नाही. ‘संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन रात्रभर तिथेच थांबणारी आणि पहाटे परत निघणारी गाडी’ असे सांगूनच पुढे जायचे.

शेवटचे वाक्य भाषेला सोपे, पण त्यातली गोम इटालियन माणसाला कळणार नाही. फुकट का सोडले नाही, असे तो मनात म्हणेल. इथे एक वाक्य जास्तीचे लागते: वाटेत तपासणीस गाडीत चढला तर फाडलेली तिकिटे आणि जमा रक्कम जुळावी लागे, आणि बिनतिकीट प्रवासी सापडला तर ठपका कंडक्टरवर येई. मराठी श्रोत्यांना हे सांगावे लागत नाही. इटालियन मसुद्यात ते नसले तर अण्णांचा मोठेपणा कळत नाही.

मृत्यूचे शब्दही निवडून घ्यावे लागतात. ‘प्राणज्योत मालवली’ अलगद पलीकडे जाते, कारण इटालियनमध्येही ‘सि ए स्पेन्तो’ म्हणजे विझला असेच म्हणतात. ‘देवाघरी गेले’ला जुळणारा वाक्प्रचारही तिकडच्या शोकसंदेशांत आहे, ‘पित्याच्या घरी परतला’ असा. पण तो पिता ख्रिस्ती प्रार्थनेतला आहे आणि माळकरी अण्णांच्या बाबतीत तो वाचला की सासरच्या मंडळींचा गैरसमज होईल. तेराव्याची ओळख करून देणे सोपे. इटलीतही मृत्यूनंतर तिसाव्या दिवशी प्रार्थना करतात, तिला ‘त्रिजेझिमो’ म्हणतात. आमच्याकडे तेरावा दिवस, एवढे पुरते.

लांबीचेही भान हवे. कॅथलिक अंत्यविधीत धर्मगुरूच्या प्रवचनात मृताचे गुणगान करायचे नसते. घरच्यांना बोलायचे असेल तर शेवटी थोडक्यात बोलू देतात. त्यामुळे तिथल्या श्रोत्यांना मोजके शब्द ऐकायची सवय असते. मानपत्रे, सत्कार, संस्थांची पदे ही मराठी मसुद्यातली यादी कापायला हरकत नाही. शाळेच्या पोरांचा प्रसंग मात्र कापायचा नाही.

मजकूर पक्का करण्याआधी तो मराठी न येणाऱ्या एका माणसाला ऐकवावा आणि कागद न देता, तुला काय कळले ते सांग, असे म्हणावे. नातीच्या नवऱ्याने ‘आजोबा बस चालवायचे आणि मुलांना फुकट न्यायचे’ असे सांगितले, तर चूक कुठे आहे ते लगेच समजते: एक ड्रायव्हरच्या शब्दात, दुसरी तपासणिसाच्या गाळलेल्या वाक्यात. तेवढ्या दोन ओळी नीट करून पुन्हा ऐकवायचे.