मिटरवरचा पिवळा दिवा नेमकं काय सांगतो

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे प्रदूषण नियम लागू झाले आणि नव्या दुचाक्यांमधून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. आता पेट्रोल इंजेक्टर फवारतो. किती फवारायचं, हे गाडीतला छोटा संगणक म्हणजे ईसीएम ठरवतो. त्याला इंजिन दिसत नाही. तापमान, हवेचा दाब, थ्रॉटल किती उघडला आहे, धुरात ऑक्सिजन किती उरला आहे, हे सगळं त्याला सेन्सरच्या तारांमधूनच कळतं. यातली एखादी खबर अशक्य वाटली की तो मिटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लावतो. त्यामुळे दिवा लागला म्हणजे इंजिन बिघडलंच असं नाही. बऱ्याचदा इंजिन ठणठणीत असतं आणि खबर आणणारी तार तुटलेली असते.

चावी फिरवल्यावर हा दिवा लागायलाच हवा, कारण तेव्हा मिटर त्याचीच तपासणी करत असतं. काही गाड्यांत तो काही सेकंदांत विझतो, काहींत इंजिन सुरू झाल्यावर. चालत्या इंजिनावरही तो टिकून राहिला, तर दखल घ्यावी.

होंडाच्या अनेक गाड्यांत हाच दिवा उघडझाप करून बिघाडाचा क्रमांकही सांगतो. लांब झाप म्हणजे दहा, छोटी झाप म्हणजे एक. समजा, सात छोट्या झापा पडल्या. हा क्रमांक इंजिनाच्या तापमानाच्या सेन्सरचा. तो सेन्सर तापतो तसा त्याचा विद्युतरोध कमी होतो, आणि ईसीएम त्यावरून तापमान ओळखतो. कपलर सैल झाला किंवा पार्किंगमध्ये उंदरांनी तार कुरतडली की रोध एकदम प्रचंड वाटतो, म्हणजे इंजिन कुठल्याही हिवाळ्यात शक्य नाही इतकं थंड. ईसीएम ही खबर बाजूला ठेवतो आणि स्वतःकडचा एक ठरावीक आकडा धरून गाडी चालवतो. म्हणून दिवा लागूनही गाडी पळते. त्रास होतो तो निफाडसारख्या ठिकाणच्या डिसेंबरातल्या पहाटे, कारण गार इंजिनाला लागणारं जादा पेट्रोल मिळत नाही आणि सेल्फ मारत बसावं लागतं.

इथे मेकॅनिकने थेट नवा सेन्सर बसवला, तर खर्च होतो आणि दिवा तसाच राहू शकतो. आधी कपलर काढून त्यात पाणी किंवा हिरवट गंज आहे का ते पाहायचं, मग तार शेवटपर्यंत तपासायची, आणि सेन्सरकडे सगळ्यात शेवटी वळायचं. गिऱ्हाइकाने एवढा क्रम आग्रहाने मागावा. उलट बाजूही आहे. दिवा लागला नाही म्हणून सगळं ठीक, असंही नाही. एअर फिल्टर तुंबला असेल किंवा पेट्रोलमध्ये भेसळ असेल, तर दिवा बहुधा गप्पच राहतो, कारण सेन्सरकडून येणारे आकडे शक्यतेच्या कक्षेतच असतात.

साइड स्टँडचा दिवाही असाच. तो स्टँड बघत नाही, स्टँडजवळचा स्विच बघतो. पावसाळ्यात विचारला जाणारा एक नेहमीचा प्रश्न घेऊ: मोटरसायकल न्यूट्रलमध्ये सुरू होते, पण पहिला गिअर टाकला की बंद पडते. लोक क्लच, प्लग, पेट्रोल सगळं तपासत बसतात. इंजिन कट-ऑफ असलेल्या गाडीचा नियम साधा आहे: स्टँड खाली असेल तर इंजिन फक्त न्यूट्रलमध्येच चालू राहील. स्टँड वर असूनही स्विच चिखलाने अडकला असेल, तर गाडीच्या लेखी तो खालीच आहे. स्टँड वर करूनही त्याचा दिवा विझला नाही, की निदान झालं. स्विच पाण्याने धुऊन स्टँड पाच-सहा वेळा वरखाली केला की बहुतेक वेळा काम भागतं. काही जण तारा जोडून स्विच कायमचा बाद करतात, ते मला अजिबात पटत नाही. उघडा राहिलेला स्टँड डाव्या वळणावर जमिनीला टेकून गाडी उलटवतो. स्कूटरला न्यूट्रलच नाही, त्यामुळे तिथे हा स्विच अडकला की गाडी सुरूच होत नाही.

न्यूट्रलच्या हिरव्या दिव्याचा स्विच गिअरबॉक्समध्ये असतो. गाडी हाताने सहज ढकलली जाते, पण दिवा लागत नाही आणि सेल्फही फिरत नाही, अशा वेळी स्टँड वर करून क्लच दाबून पाहावं. तेव्हा सेल्फ फिरला, तर संशय न्यूट्रलच्या स्विचवर किंवा त्याच्या तारेवर घ्यावा. बॅटरी निर्दोष आहे.

इंधनाचा दिवा टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर चालतो, म्हणून घाटात तो लागतो-विझतो. सपाटीवर आल्यावर जे दिसेल तेच धरावं. मात्र जुन्या गाड्यांसारखी रिझर्व्हवर रोज फिरण्याची सवय इथे महाग पडते. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि त्यानेच तो गार राहतो. पेट्रोल तळाला गेलं की पंप तापतो, शिवाय तळाचा गाळही ओढतो.