चार आजार, तीन विषाणू

सूक्ष्मजीवशास्त्राच्या परीक्षेत जोड्या लावण्याचा एक प्रश्न हमखास भेटतो. एका बाजूला कांजिण्या, नागीण, ग्रंथिज्वर आणि ओठाच्या कडेला येणारे पाणीदार फोड. दुसऱ्या बाजूला हर्पिस कुळातले चार विषाणू: हर्पिस सिम्प्लेक्स, व्हॅरिसेला झोस्टर, एपस्टीन-बार आणि सायटोमेगॅलो. चारांसमोर चार दिसले की प्रत्येकाच्या वाट्याला एकेक, असा हिशेब विद्यार्थी मनाशी करतो आणि तिथेच फसतो. कांजिण्या आणि नागीण या दोन्हींचा विषाणू एकच, व्हॅरिसेला झोस्टर. ओठावरच्या फोडांसमोर हर्पिस सिम्प्लेक्सचा पहिला प्रकार येतो, ग्रंथिज्वरासमोर एपस्टीन-बार, आणि सायटोमेगॅलो जोडीविना उरतो.

ही जोडी पाठ करण्यापेक्षा एक गोष्ट समजून घेतली तर ती पुन्हा विसरत नाही. या कुळातला विषाणू एकदा अंगात शिरला की आजार बरा झाल्यावरही शरीर सोडत नाही. तो ठरावीक जागी दबा धरून राहतो, आणि प्रत्येकाची लपण्याची जागा ठरलेली असते. हर्पिस सिम्प्लेक्स आणि व्हॅरिसेला झोस्टर चेतापेशींत दडतात, तर एपस्टीन-बार रक्तातल्या बी लसिकापेशींत. पुढे आजार कुठे आणि कोणत्या रूपात दिसेल, हे बरेचसे या जागेवरून ठरते.

ओठावरचे फोड घ्या. विषाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या कुणाच्या लाळेतून येतो. पुष्कळदा त्या वेळी काहीच जाणवत नाही. चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या चेतातंतूवरून तो वर चढतो आणि त्या तंतूच्या मुळाशी, कवटीच्या तळाला असलेल्या चेतापेशींच्या पुंजक्यात स्थिरावतो. ताप, कडक ऊन किंवा दगदग झाली की त्याच तंतूवरून खाली उतरतो. म्हणून फोड बहुतेक वेळा जुन्या जागीच उठतात आणि त्याआधी तिथे चुरचुरते.

व्हॅरिसेला झोस्टरची गोष्ट जास्त लांबची आहे. कांजिण्यांत तो रक्तावाटे सर्वांगात फिरतो. पुरळ छाती-पाठीवर दाट आणि हातापायांवर विरळ असते. एकाच वेळी कुठे नुसता लाल ठिपका, कुठे पाण्याने भरलेला फोड, कुठे खपली दिसते. देवीच्या रोगात याउलट एका भागावरचे सगळे फोड एकाच अवस्थेत असत, आणि ते चेहऱ्यावर व हातापायांवर जास्त येत. देवी गेली तरी हा फरक प्रश्नपत्रिकेतून गेलेला नाही. कांजिण्या बऱ्या होतात, पण विषाणू पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या पुंजक्यांत राहून जातो. चाळीस-पन्नास वर्षांनी, वयामुळे प्रतिकारशक्ती उतरली की एखाद्याच पुंजक्यातला विषाणू जागा होतो आणि त्या एका चेतातंतूच्या पट्ट्यात उतरतो. आधी दोन-तीन दिवस आग आणि ठणका, मग पट्टाभर फोड. हीच नागीण.

नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस वाचत नाही, असे आपल्याकडे घरोघरी सांगितले जाते. भीती खोटी असली तरी निरीक्षण बारीक आहे. शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे चेतातंतू वेगळे असल्याने पट्टा छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेपाशी थांबतो. विळखा पुरा होत नाही. फोड दोन्ही बाजूंना पसरले, तर प्रतिकारशक्ती फार खालावली आहे का, हे तपासावे लागते.

आता प्रश्नपत्रिकेतल्यासारखे एक उदाहरण सोडवून पाहू. अडुसष्ट वर्षांच्या आजींच्या उजव्या कुशीवर नागीण उठली. सांभाळायला जवळ असलेल्या चार वर्षांच्या नातवाला पंधरा दिवसांनी अंगभर कांजिण्या आल्या. नातवाला नागीण का झाली नाही? कारण त्याच्या शरीराला हा विषाणू नवा होता, आणि नवख्या शरीरात त्याचे पहिले रूप कांजिण्याच असते. संसर्गापासून पुरळ येईपर्यंत 10 ते 21 दिवस जातात, म्हणून पंधरा दिवसांचे अंतरही जुळते. उलट बाजूने, नातवाकडून आजींना नागीण ‘लागली’ असे होत नाही. त्यांची नागीण त्यांच्या स्वतःच्या बालपणीच्या कांजिण्यांतून आलेली असते.

बुडापेस्टचे डॉक्टर बोकाय यांनी नागिणीच्या रुग्णाजवळच्या मुलांना कांजिण्या होतात हे 1892 मध्येच टिपले होते. इंग्लंडमधल्या सिरेन्सेस्टर गावचे एक साधे गावडॉक्टर, एडगर होप-सिम्पसन, यांनी आपल्या रुग्णांतल्या नागिणीच्या नोंदी 16 वर्षे ठेवल्या आणि दडलेला विषाणू पुन्हा जागा होतो, हा विचार 1965 मध्ये मांडला. एकाच रुग्णाच्या कांजिण्यांतून आणि पुढे झालेल्या नागिणीतून मिळालेल्या विषाणूंचे डीएनए 1984 मध्ये ताडून पाहिले, तेव्हा ते जुळले. गावातल्या नोंदवहीला प्रयोगशाळेने दिलेली ही साक्ष मोठी समाधानाची आहे.

ग्रंथिज्वराचा धागा तर योगायोगानेच हाती लागला. एपस्टीन, अचाँग आणि बार यांना हा विषाणू 1964 मध्ये आफ्रिकेतल्या मुलांच्या जबड्याच्या कर्करोगाच्या पेशींत दिसला होता. फिलाडेल्फियात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले त्याच्यावर काम करत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ स्त्रीच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे नव्हती. 1967 मध्ये तिला ग्रंथिज्वर झाला, आणि आजारानंतर तपासलेल्या रक्तात ती प्रतिपिंडे सापडली.

प्रश्नात हा आजार असा ओळखावा: कॉलेजच्या वयाचा रुग्ण, ताप, घशावर पांढरट थर, मानेतल्या गाठी, वाढलेली प्लीहा आणि रक्तात मोठ्या, वेडावाकडा आकार घेतलेल्या लसिकापेशी. इथे दुसरा सापळा असतो. विषाणू बी पेशींत राहतो, पण या विचित्र दिसणाऱ्या पेशी असतात त्याच्यावर चालून आलेल्या टी पेशी. घसा दुखतो म्हणून ॲम्पिसिलिन दिले आणि अंगभर पुरळ उठले, हीही खूण प्रश्नात हमखास पेरलेली असते. अशा रुग्णाच्या रक्तजलाने मेंढीच्या किंवा घोड्याच्या तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात. पॉल-बनेल चाचणी त्यावरच उभी आहे. लहान मुलांत आणि आजाराच्या पहिल्या आठवड्यात मात्र ती पुष्कळदा नकारात्मक येते. लक्षणे बरीचशी ग्रंथिज्वराचीच आहेत, पण घसा फारसा बिघडलेला नाही आणि चाचणी वारंवार नकारात्मक येते, असे वर्णन असेल तर जोडीविना उरलेला सायटोमेगॅलो उत्तर म्हणून पुढे येतो.

फोडाच्या तळाची खरवड रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी दिसतात. पण त्या ओठावरच्या फोडांत, कांजिण्यांत आणि नागिणीतही सारख्याच असतात. त्यामुळे हर्पिस सिम्प्लेक्स की व्हॅरिसेला झोस्टर, हे त्या काचेवरून सांगता येत नाही. त्यासाठी पीसीआर लागतो. एरवी पुरळ कुठे आहे आणि कसे पसरले आहे, यावरूनच उत्तर काढायचे असते. नागिणीला दवाखान्यात नुसते ‘हर्पिस’ म्हटले की घरचे लोक लैंगिक संसर्गाच्या शंकेने गप्प होतात. तो संसर्ग मुख्यतः हर्पिस सिम्प्लेक्सच्या दुसऱ्या प्रकाराने आणि काही वेळा पहिल्या प्रकाराने होतो. नागिणीच्या विषाणूशी त्याचे नाते फक्त कुळाचे आहे.