भाडे एका रविवारचे, लेहेंगा आठवडाभराचा

तुळशीचे लग्न लागले की पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-कोल्हापुरातल्या अनेक घरांत एका खोलीचे दुकान होते. कपाटात लेहेंगे, शिवलेल्या नऊवारी, गाऊन, शेरवान्या; मोबाइलवर इन्स्टाग्रामचे पान आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉग. स्टोरीवर फोटो पडतो, खाली ‘प्राइस प्लीज’ची रांग लागते आणि दोन-तीन हजार रुपयांत पंधरा हजारांचा लेहेंगा एका संध्याकाळपुरता कुणाच्या तरी अंगावर जातो. कपडे भाड्याने देणे आपल्याकडे नवे नाही. शाळेच्या गॅदरिंगसाठी मावळ्यांचे आणि कोळ्यांचे कपडे देणारे ड्रेपरीवाले पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले. पण मावळ्याच्या अंगरख्यावर एखादा डाग राहिला तर पालक तक्रार करत नाहीत. साखरपुड्याच्या लेहेंग्याचे तसे नसते.

बाहेरून पाहणाऱ्याला हा कपड्यांचा धंदा वाटतो. आत शिरले की कळते, खरा माल म्हणजे तारखा. एक उदाहरण मांडून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण व्यवहार असाच चालतो.

समजा, एका ताईंनी 12,000 रुपयांना मोतिया रंगाचा, टिकल्या आणि खड्यांचे काम असलेला लेहेंगा घेतला. भाडे ठेवले 2,500 आणि डिपॉझिट 3,000. पहिले बुकिंग रविवारच्या रिसेप्शनचे. लेहेंगा शुक्रवारी संध्याकाळी जातो, सोमवारी संध्याकाळी परत येतो. मंगळवारी तो ड्रायक्लीनरकडे, शुक्रवारी दुपारी घरी. त्याच संध्याकाळी तो पुढच्या गिऱ्हाइकाला देता येतो. म्हणजे गिऱ्हाईक तो चार-पाच तास नेसते, पण ताईंचा पूर्ण आठवडा त्यात जातो. ड्रायक्लीनिंगचे 450 आणि फिटिंग-दुरुस्तीचे सरासरी 150 वजा केले तर हाती 1,900 राहतात. लेहेंग्याचे पैसे सुटायला सातवे बुकिंग उजाडावे लागते. लग्नाचे मुहूर्त ठरावीक आणि कार्यक्रम बहुतेक शनिवार-रविवारी, म्हणून एका हंगामात सात वेळा तोच लेहेंगा बाहेर जाणे सोपे नाही.

आता तो सोमवारऐवजी बुधवारी परत आला असे धरू. गुरुवारी धुवायला गेला तर रविवारीच मिळणार, आणि पुढच्या मुलीचा साखरपुडा शनिवारी. नुकसान दोन दिवसांचे नाही, अख्ख्या पुढच्या बुकिंगचे आहे. शिवाय ऐन वेळी ‘लेहेंगा नाही’ असे एका नवऱ्या मुलीला सांगायचे. डिपॉझिट, धुलाई आणि नोंदवही या तिन्ही गोष्टींचे नियम याच एका भीतीतून आले आहेत.

डिपॉझिटबद्दल मोठा गैरसमज असा की ते कपड्याची किंमत भरून काढते. वरच्या उदाहरणात 12,000 च्या लेहेंग्यावर 3,000 डिपॉझिट आहे. कपडा परत आलाच नाही तर 9,000 बुडाले. पूर्ण किंमत डिपॉझिट म्हणून मागितली तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. तेव्हा डिपॉझिटची कामे दोन: वेळेवर परत आणायला कारण देणे आणि तुटलेली लटकन, उसवलेला घेर, जास्तीची धुलाई असा किरकोळ खर्च भागवणे. कपडा हरवला किंवा जळला तर किती भरायचे, हे बुकिंगच्या वेळीच वेगळे लिहून घ्यावे लागते.

कायद्याच्या भाषेत हा व्यवहार निक्षेप ठरतो आणि 1872 च्या भारतीय करार कायद्यात त्याचे नियम आहेत. नेणाऱ्याने वस्तूची काळजी एखादा समंजस माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तशी घ्यायची. ठरल्या वेळी परत केली नाही, तर त्यानंतर होणारे नुकसान त्याच्या माथी. पण देणाऱ्यावरही जबाबदारी आहे: भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे नुकसान झाले, तर ‘मला दोष ठाऊक नव्हता’ म्हणून सुटता येत नाही. आणि करारात दंड लिहिला म्हणून तो आपोआप पूर्ण मिळतो असेही नाही. कायदा वाजवी भरपाईच मान्य करतो. एक हूक तुटला म्हणून पूर्ण डिपॉझिट ठेवून घेणे त्यात बसत नाही. नीट चालणाऱ्या घरगुती दुकानांत म्हणून दर आधीच लिहिलेले असतात: हूक किंवा दोरी इतके, रफू इतका, उशिराचा एक दिवस इतका.

भांडण बहुधा दरावरून होतच नाही, ‘हे आधीपासूनच होते’ यावरून होते. त्यावर उपाय दोन मिनिटांचा व्हिडिओ. कपडा देताना आणि घेताना, दोन्ही वेळा दिवसाच्या उजेडात, एकाच क्रमाने: पुढून, मागून, घेराची खालची कड, चोळीच्या काखा, ओढणीचे चारही कोपरे, शेवटी बेल्ट, कॅनकॅन, कव्हर. क्रम ठरलेला असला की काही सुटत नाही. ओढणीला आधीचा रफू असेल तर तो फोटोतच दाखवायचा. फोटोही आपल्याच कपड्याचा हवा. कंपनीच्या कॅटलॉगमधला फोटो टाकला की ट्रायलला आलेली मुलगी पहिल्या मिनिटाला म्हणते, ‘ताई, फोटोत रंग वेगळा होता.’ सोबत छाती, कंबर, उंची इंचांत आणि शिलाईत आत किती माया आहे तेही लिहावे. दोन इंच माया असलेली चोळी तीन-चार मापांच्या मुलींना बसते; माया नसलेली एकाच मापाची राहते.

पैशांच्या बाबतीत फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. दुसऱ्याचे फोटो चोरून पान चालवणारे ॲडव्हान्स घेतात आणि ब्लॉक करतात. त्यामुळे अनोळखी पानावर पैसे भरण्याआधी त्याच कपड्याचा त्या दिवशी काढलेला व्हिडिओ मागावा, जमल्यास ट्रायलला जाऊनच पैसे द्यावेत. उलट, काही गिऱ्हाइके पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट पाठवतात. खात्यात रक्कम दिसेपर्यंत तारीख पक्की धरू नये. आणि डिपॉझिट परत मिळवण्यासाठी कुणी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगितला, तर तिथेच थांबावे. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही. ओळखपत्राची मूळ प्रत गहाण ठेवण्याचीही गरज नसते. शेवटचे चार अंकच दिसणारे मास्क केलेले आधार पुरते.

पुढचा प्रश्न धुलाईचा. ‘ड्रायक्लीन करून द्या’ हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी असते, पण ड्रायक्लीनिंग म्हणजे पाण्याशिवाय, द्रावकात केलेली धुलाई. तेल, तूप, मेकअप त्यात निघतो. घाम आणि सरबत पाण्यात विरघळणारे, ते द्रावकात नीट निघत नाहीत. सरबताचा डाग सुकल्यावर दिसेनासा होतो, कपडा स्वच्छ वाटतो आणि त्यावर गरम इस्त्री फिरली की साखर तपकिरी होऊन डाग वर येतो. म्हणून ‘आधी इस्त्री करून बघू’ ही सवय महागात पडते. परत आलेला कपडा आधी खिडकीशी धरून तपासायचा, डाग कशाचा ते गिऱ्हाइकाला न रागावता विचारायचे आणि ड्रायक्लीनरला ती जागा दोऱ्याने खूण करून दाखवायची. ‘काही नाही सांडले’ असे उत्तर मिळाले तर धुलाई चुकते, म्हणून डाग सांगणाऱ्याला दंड कमी ठेवणे शहाणपणाचे.

हळदीचा डाग वेगळाच. त्यावर साबण लावला की तो कुंकवासारखा लाल होतो, कारण हळदीतले रंगद्रव्य अल्कली लागताच रंग बदलते. घाबरून लोक आणखी चोळतात. हा रंग उन्हात मात्र फिका पडतो. पण भडक रंगाचे रेशीमही उन्हात उडते, त्यामुळे हा उपाय फिक्या सुती कपड्यालाच. म्हणूनच कित्येक ताई हळदीच्या कार्यक्रमाला भारी कपडा देतच नाहीत, त्यासाठी स्वस्त पिवळे कपडे वेगळे ठेवतात.

टिकल्या आणि खडे हा तिसरा धोका. काही प्लास्टिकच्या टिकल्या आणि खडे चिकटवण्याचा गोंद द्रावकात मऊ होतो. टिकल्या मुडपतात, खडे गळतात. आपल्या लेहेंग्यावरचे काम शिवलेले आहे की चिकटवलेले, हे खरेदीच्या वेळीच पाहायला हवे. चिकटवलेले असेल तर दर वेळी पूर्ण धुलाई न करता अस्तर आणि काखा हाताने पुसून वाफ देतात. चोळीला काखेत घामाचे पॅड लावले तर एरवीही धुलाई कमी लागते. पैठणीचे गणित निराळे: घाम आणि अत्तर लागले की जर काळवंडते, सेफ्टी पिनने रेशमाला भोक पडते. ती भाड्याने देताना पिना कुठे लावायच्या हे सांगून, मलमलीत गुंडाळून देतात आणि परत आली की वारा देऊन वेगळ्या घडीवर ठेवतात, म्हणजे एकाच रेषेवर रेशीम चिरत नाही.

उरतो हिशेब. दहा कपड्यांपर्यंत सगळे लक्षात राहते, तिसाव्याला गोंधळ सुरू होतो. बुकिंग इन्स्टाग्रामवर येते, तारीख व्हॉट्सॲपवर बदलते, पैसे तिसऱ्याच ॲपवर येतात. म्हणून सगळ्याची नोंद एकाच जागी हवी; साधी गूगल शीट किंवा शाळेची वही चालते. प्रत्येक कपड्याच्या अस्तराला क्रमांकाची पट्टी शिवायची, म्हणजे ‘गुलाबी लेहेंगा’ म्हटल्यावर चारांपैकी कुठला हा प्रश्न पडत नाही. ‘लेहेंगा 14’ पुढे त्याचे नग लिहायचे: घागरा, चोळी, ओढणी, बेल्ट, कॅनकॅन, कव्हर. परत न येणारी वस्तू बहुतेक वेळा बेल्ट नाही तर कॅनकॅन असते.

खरी मेख तारखेच्या रकान्यात आहे. नवखे लोक तिथे कार्यक्रमाची तारीख लिहितात आणि रविवार-शुक्रवार मोकळा दिसतो म्हणून दुसरे बुकिंग घेतात. लिहायच्या तारखा दोन: कपडा घरातून निघण्याची आणि धुऊन पुन्हा तयार होण्याची. वरच्या उदाहरणात शुक्रवार ते पुढचा शुक्रवार. या दोन तारखांमध्ये नवे बुकिंग घ्यायचेच नाही. ऐन हंगामात एक दिवस सैल सोडायचा, नाही तर रविवारी रात्री हॉलवरूनच कपडा उचलायला माणूस पाठवायचा. त्याचे दोनशे रुपये 2,500 च्या बुकिंगपुढे स्वस्त पडतात. परतीच्या आदल्या दिवशी ‘उद्या संध्याकाळी 6 वाजता, बेल्ट आणि कव्हरसह’ असा निरोप गेला की उशीर आणि विसरलेले नग दोन्ही कमी होतात.

याच नोंदवहीतून आणखी एक गोष्ट कळते: कुठला कपडा थकला. सातव्या-आठव्या वेळेनंतर टिकल्या विरळ होतात, घेराची कड झिजते, आणि त्याच गावातल्या फोटोंत तो लेहेंगा बऱ्याच जणींनी पाहिलेला असतो. प्रत्येक वेळचा दुरुस्तीखर्च लिहिलेला असेल तर तो 150 वरून 500 वर गेलेला दिसतो. तेव्हा तो निम्म्या भाड्याने फोटोशूटला द्यायचा किंवा विकून टाकायचा. पैसे सुटलेल्या कपड्याचे मिळतील तितके चांगले. न सुटलेला विकावा लागला, तर पुढची खरेदी करताना भडक नाचऱ्या रंगाऐवजी चार जणींना चालेल असा रंग आणि दोन इंच माया असलेली चोळी निवडायची, एवढे तो आकडाच सांगतो.