एका बबलची केवढी करामत!

पिंपळगाव राजाहून एसटीने खामगावला डिप्लोमा शिकायला जाणारे एखादे दादा किंवा ताई असतील ना तुझ्या ओळखीचे? त्यांची डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सची वही एकदा मागून बघ. पानोपानी चौकोनच चौकोन! आणि बऱ्याच चौकोनांच्या आत, कडेला चिकटून, एक चिमुकला त्रिकोण. काही ठिकाणी त्या त्रिकोणासमोर, चौकोनाच्या बाहेर, एक पोकळ गोळासुद्धा. या गोळ्याला सगळे बबल म्हणतात.

नक्षी वाटली? छे! या दोन खुणा वाचता आल्या की तो चौकोन नेमका कधी जागा होतो, ते चित्र बघूनच कळतं.

आधी चौकोन. त्याचं नाव फ्लिप-फ्लॉप. त्याचं काम एकच: ० किंवा १, यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची. तारेवर व्होल्टेज जास्त असेल तर १, कमी असेल तर ०. बस्स! साध्या डी फ्लिप-फ्लॉपला एक तार ‘डी’ नावाची, तिच्यावरून बातमी आत येते. एक ‘क्यू’ नावाची, तिच्यावर लक्षात ठेवलेली गोष्ट दिसते. आणि तिसरी क्लॉकची. क्लॉक सारखं वर-खाली करत असतं: ०, १, ०, १...

आता शाळेचा वर्गफोटो आठव. तुम्ही सगळे बाकांवर, समोर फोटोग्राफर. तो हात वर करतो आणि हात वर जाताक्षणी, खटॅक्! फोटो निघाला. नंतर तू जीभ काढ नाहीतर नाच, निघालेला फोटो बदलत नाही. पुढचा खटॅक् होईपर्यंत तोच फोटो. तू जे करतोयस ते डी, फोटोग्राफरचा हात म्हणजे क्लॉक, आणि निघालेला फोटो म्हणजे क्यू. जमलं?

त्रिकोण नेमकं हेच सांगतो: हा चौकोन हात वर असताना बघत बसत नाही, हात वर जाण्याच्या क्षणीच बघतो! क्लॉक ० वरून १ वर उडी मारतं त्या क्षणाला रायझिंग एज म्हणतात, चढती कड.

आणि त्रिकोणच नसेल तर? मग फोटो नाही, थेट व्हिडिओ! हात वर आहे तोवर तुझी प्रत्येक हालचाल क्यूवर दिसत राहते. हात खाली आला की शेवटचं चित्र तसंच थांबतं. अशा चौकोनाला लॅच म्हणतात.

मग बबल काय करतो? ओळख पाहू!

बबल उलटं करतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या चित्रात बबल कुठेही दिसला तरी त्याचा अर्थ हाच: बाहेरच्या ० चा आत १, बाहेरच्या १ चा आत ०. आता गंमत बघ. बाहेर क्लॉक १ वरून ० वर घसरलं. बबलमधून जाताना ते उलटलं. म्हणजे त्रिकोणाला काय दिसलं? ० वरून १! त्याच्या लेखी चढती कडच आली की! म्हणून बबल आणि त्रिकोण एकत्र दिसले की हा फोटोग्राफर हात खाली येताना खटॅक् करतो. ही फॉलिंग एज, उतरती कड.

म्हणजे दोन वेगळे नियम पाठ करायचेच नाहीत! त्रिकोण कायम चढती कडच शोधतो. बबल फक्त त्याच्यासमोर जग उलटं धरतो.

चल, करून बघू. कागद घे. क्लॉक १, ३, ५ आणि ७ व्या सेकंदाला वर जातं. २, ४, ६ आणि ८ व्या सेकंदाला खाली येतं. डी आधी ० आहे. ते दीड सेकंदाला १ होतं आणि साडेतीन सेकंदाला परत ०. हेच क्लॉक आणि हाच डी दोन फ्लिप-फ्लॉपना दे, एक बबलवाला, एक बिनबबलवाला. दोघांचेही क्यू सुरुवातीला ०.

बिनबबलवाला १ ल्या सेकंदाला बघतो: डी ०, म्हणून क्यू ०. तिसऱ्या सेकंदाला बघतो: डी १, क्यू १. पाचव्याला बघतो: डी ०, क्यू परत ०. त्याचा क्यू ३ ते ५ सेकंद वर राहिला.

बबलवाला दुसऱ्या सेकंदालाच डी १ पकडतो आणि चौथ्याला ० करतो. त्याचा क्यू २ ते ४ सेकंद वर. तीच बातमी, पण एक सेकंद आधी!

आता खरी धमाल. डी पुन्हा साडेपाचला १ झालं आणि साडेसहाला ०. बबलवाल्याने सहाव्या सेकंदाला ते टिपलं, क्यू १ केला आणि तो आठव्या सेकंदापर्यंत तसाच ठेवला. आणि बिनबबलवाला? त्याने पाचव्याला पाहिलं, सातव्याला पाहिलं, दोन्ही वेळा डी ०! मधे पूर्ण एक सेकंद डी १ होतं, याचा त्याला पत्ताच नाही!

पण जरा जपून हं. बबल दिसला की लगेच ‘उतरती कड’ म्हणू नकोस. आधी बघ, तो कुणासमोर बसलाय! ७४७४ नावाची एक प्रसिद्ध चिप आहे, तिच्यात दोन डी फ्लिप-फ्लॉप असतात. तिच्या क्लॉकवर नुसता त्रिकोण, म्हणजे चढती कड. पण प्रीसेट आणि क्लिअर या पायांवर बबल असतात, तिथे त्रिकोण नाही. म्हणजे तिथे कडेची वाट बघणं नाही. क्लिअरवर ० आला की क्लॉक काहीही करो, क्यू तत्काळ ०! आणि तो ० तिथे आहे तोवर हेच चालू. प्रॅक्टिकलला क्लिअरची तार चुकून ग्राउंडला लागली की क्यूचा दिवा काही केल्या पेटत नाही. क्लॉक ठीक, डी ठीक, मग बिघडलंय काय? आधी तो बबल बघावा. क्लिअर आणि प्रीसेट दोन्ही पाच व्होल्टला जोडले की चिप शहाण्यासारखी वागते.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगते. दोन फ्लिप-फ्लॉप असे घे, की प्रत्येक कडेला स्वतःचा क्यू उलटा करतात. ० असेल तर १, १ असेल तर ०. पहिल्याला क्लॉक दे. पहिल्याचा क्यू दुसऱ्याच्या क्लॉकला जोड. हा झाला मोजणारा काउंटर! दुसऱ्याचा आकडा डावीकडे लिही, पहिल्याचा उजवीकडे.

दोघांनाही बबल आहेत असं धर. सुरुवात ०० पासून. पहिला टोला: पहिला १ झाला. त्याचा क्यू चढला, पण दुसऱ्याला उतरणं हवंय, म्हणून तो गप्प. ०१. दुसरा टोला: पहिला ० झाला, क्यू उतरला, दुसरा उलटला. १०. मग ११, मग परत ००. शून्य, एक, दोन, तीन!

आता दोन्ही बबल खोडून टाक. बाकी सगळं जसंच्या तसं. पहिला टोला: पहिला १ झाला, क्यू चढला, दुसऱ्याला हेच हवं होतं, तोही लगेच १. थेट ११! पुढे १०, मग ०१, मग ००. तीन, दोन, एक, शून्य!

बघितलंस? बबल गेले आणि काउंटर उलटा मोजायला लागला! आता बबल नसलेले फ्लिप-फ्लॉप वापरूनच सुलट मोजायचं असेल तर? फ्लिप-फ्लॉपला क्यूच्या बरोबर विरुद्ध आकडा दाखवणारी आणखी एक तार असते, क्यू-बार. दुसऱ्याचं क्लॉक पहिल्याच्या क्यूऐवजी क्यू-बारला जोड, आणि वर केले तसे चारही टोले कागदावर मारून बघ.