कढईत साठवलेली आग

कढई धूर येईपर्यंत तापवली, तेल सोडलं आणि अर्धा किलो चिरलेला कोबी एकदम टाकला. पहिले काही क्षण झकास चर्र आवाज झाला. मग तो बसला, खदखद ऐकू येऊ लागली आणि कोबी स्वतःच्याच पाण्यात शिजला. कॅन्टन भागातल्या हॉटेलात हाच कोबी करकरीत राहतो, कडांना भाजल्याचे डाग पडतात आणि त्याला हलकासा धुरकट वास येतो. तिकडच्या भाषेत या चवीला ‘वॉक हेई’ म्हणतात. ग्रेस यंग या लेखिकेने २००४ साली आपल्या पुस्तकाच्या नावात त्याचं भाषांतर ‘वॉकचा श्वास’ असं केलं.

हा श्वास घरी का लागत नाही? उत्तर पाण्यात आहे. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. भाजी ओली असेपर्यंत तिचा पृष्ठभाग १०० अंशांच्या फारसा वर जात नाही आणि खमंगपणा आणणारी क्रिया मात्र १४० अंशांच्या आसपास वेग घेते. म्हणजे सुटणारं पाणी सुटता सुटताच उडवावं लागतं, आणि पाण्याची वाफ करणं फार खर्चिक काम आहे.

एक ढोबळ हिशेब करू. अर्धा किलो कोबी तापवून त्यातलं १०० ग्रॅम पाणी उडवायला सुमारे ३७५ किलोज्यूल उष्णता लागते. घरची शेगडी साधारण दोन किलोवॅटची. निम्मी उष्णता कढईच्या कडेने निसटते. उरतो सेकंदाला एक किलोज्यूल. म्हणजे सहा मिनिटांहून जास्त वेळ, आणि तेवढ्यात कोबी लगदा होतो. हॉटेलची वॉकची भट्टी तीस किलोवॅटची किंवा त्याहूनही मोठी असते. तिची दोन तृतीयांश आग वाया गेली तरी हेच काम पाऊण मिनिटाच्या आत उरकतं. आपल्याकडच्या चायनीजच्या गाडीवर भसभसणाऱ्या ज्वाळेचं रहस्यही हेच. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब मुद्दाम कमी ठेवतो, त्यामुळे ती ज्वाळा ओट्यावर आणता येत नाही, आणि बंद स्वयंपाकघरात तशी भट्टी पेटवण्याचा मोह धोक्याचाच.

पण आपल्याकडे उष्णतेचा आणखी एक साठा असतो, तो म्हणजे तापलेलं लोखंड. दीड किलोची लोखंडी कढई २५० अंशांवरून १५० अंशांवर येताना सुमारे ७५ किलोज्यूल सोडते. अर्धा किलो कोबीच्या गरजेचा हा जेमतेम पाचवा हिस्सा. पण कोबी सव्वाशे ग्रॅमच टाकला, तर त्याची गरज साधारण ९५ किलोज्यूलची. त्यातला तीन चतुर्थांशांहून मोठा वाटा कढई आपल्या साठ्यातून देते. उरलेलं शेगडी भागवते. कोबी कमी टाकण्याचं कारण एवढंच.

म्हणून अर्धा किलोचे चार घाणे करावेत. कोबी आधी धुऊन कपड्यावर पूर्ण कोरडा करायचा, कारण पानांना चिकटलेलं दोन मोठे चमचे पाणीही कढईचा सगळा साठा गिळतं. कढईतून बारीक धूर निघाला की चमचाभर तेल सोडून पहिला घाणा टाकायचा, क्षणभर न हलवता ठेवायचा आणि मग परतायचा. सुमारे मिनिटभरात, किंचित कच्चा असतानाच, तो परातीत पसरून काढायचा. ढीग केला तर आतल्या वाफेने मऊ पडतो. मग रिकामी कढई पुन्हा धुरावेपर्यंत दीड-दोन मिनिटं तापू द्यायची. घाई होते ती इथे, आणि तिसरा-चौथा घाणा बिघडतो तोही यामुळेच. शेवटी सगळा कोबी एकत्र घालून आलं-लसूण आणि मीठ टाकायचं, सोया सॉस कढईच्या कडेने सोडायचा आणि अर्ध्या मिनिटात गॅस बंद करायचा. मीठ आधी पडलं तर ते पाणी ओढून काढतं.

यात एकूण वेळ वाचत नाही. दहा-बारा मिनिटं जातातच. पण त्यातला बराचसा वेळ कढई तापत असते आणि प्रत्येक पान कढईत मिनिट-दीड मिनिटच राहतं. हॉटेलची पातळ वॉक झटपट तापते, कारण तिच्याखाली प्रचंड आग असते. घरी मात्र जाड बुडाची लोखंडी कढई सरस ठरते, कारण ती साठवण करते. नॉनस्टिक भांडं इथे नको; एवढ्या तापमानाला त्याचा थर खराब होतो.

वॉक उडवताना तेलाचे थेंब ज्वाळेत पेटून जी चव येते, ती या युक्तीने मिळणार नाही. करकरीतपणा आणि भाजल्याचे डाग मात्र मिळतात. घाणा केवढा घ्यायचा हे वजनकाट्यापेक्षा कान चांगलं सांगतात: घाणा बाहेर काढेपर्यंत चर्र आवाज टिकला पाहिजे. मध्येच तो खदखदीत बदलला, तर पुढच्या वेळी मूठभर कोबी कमी टाका.